उन्हाळ्यात मोटार बंद पडली तर ती उघडण्याआधी: वॉरंटीच्या दाव्याची तयारी

एप्रिल-मे आला की आपल्या शिरूर-पुरंदर-बारामती भागात सबमर्सिबल मोटारींची खरी परीक्षा असते. बोअरचं पाणी खाली गेलेलं, डीपीवर लोड वाढलेला, आणि थ्री फेज मिळेल तेव्हा पाणी काढायची घाई. अशात मोटार बंद पडली की आपण वायरमनला फोन करतो, मोटार बाहेर काढतो आणि तसंच गाडीत टाकून रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो. पीक सुकत असताना दुसरं सुचत नाही, हे मी भोगलेलं आहे. पण मोटार एक-दोन वर्षांच्या आतली असेल, तर या घाईत वॉरंटी जाते. माझी एक मोटार घेतल्यापासून आठ महिन्यांत गेली. गावातच उघडून पाहिली आणि नंतर दावा केला. "सील तुटलेलं आहे, आम्हाला कारण तपासता येत नाही," एवढ्या एका ओळीवर तो नाकारला गेला.

म्हणून पहिलं काम: वॉरंटी कार्ड काढून मुदत कशापासून मोजली आहे ते बघा. अनेक कार्डांवर बसवल्यापासून १२ महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून १८ महिने, यातलं जे आधी संपेल ते, असं असतं. दुकानदाराकडे मोटार वर्षभर पडून असेल, तर आपण बिलाची तारीख धरून बसतो आणि मुदत मात्र त्याआधीच संपते.

दुसरं काम मोटार वर काढण्याआधीचं आहे, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मोटार खाली असतानाच पॅनलचा फोटो घ्या. व्होल्टमीटरवर तिन्ही फेजचं व्होल्टेज, ओव्हरलोड रिलेचा काटा किती अँपिअरवर लावला आहे, ड्राय रन प्रिव्हेंटर आहे की नाही, हे सगळं दिसू द्या. वॉरंटी नाकारताना सर्वसाधारणपणे हीच कारणं पुढे येतात: व्होल्टेज कमी होतं, एक फेज गेला होता, मोटार कोरडी चालली. यातलं काही झालं नसेल तर त्याचा पुरावा पॅनलवरच असतो. दोन दिवसांनी कुणी रिलेचा काटा फिरवला की तो पुसला जातो. बोअरमध्ये दोरी सोडून पाण्याची पातळीही मोजा आणि मोटार किती फुटांवर होती ते लिहा.

मागच्या उन्हाळ्यात माझी ५ एचपीची मोटार सकाळी चालू करताच ट्रिप झाली. पुन्हा चालू केली, पुन्हा ट्रिप. तिसऱ्यांदा बटण दाबलं नाही, कारण सारखं दाबत राहिलं की साधा दोषही वाइंडिंग जाळून मोकळा होतो आणि मूळ कारण शोधता येत नाही. व्होल्टेज पाहिलं: ४०५, ४१०, ४०८. रिले ९ वर होता, नेमप्लेटवरही ९ अँपिअर होता. मोटार २२० फुटांवर, पाणी १५० फुटांवर. मग मेन स्विच बंद करून वायरमननं स्टार्टरमधून केबल सोडवली. मल्टिमीटरनं दोन-दोन वायरींमधला रोध मोजला, तर तिन्ही वाचनं सारखी आली. म्हणजे एखादा फेज तुटलेला नव्हता. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला तर अर्थिंगशी शून्य. कुठेतरी करंट जमिनीत उतरत होता.

पण मेगर शून्य दाखवतो म्हणून मोटारच खराब, असं नसतं. केबल केसिंगला घासून सोलली गेली असेल किंवा जॉइंटमध्ये पाणी शिरलं असेल, तरी शून्यच येतं, आणि तो दोष कंपनीचा नसतो. म्हणून मोटार वर आल्यावर जॉइंट तोडण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो घेतले. टेप शाबूत होती, काळपटपणा नव्हता. त्यानंतर जॉइंट सोडवून केबल आणि मोटार वेगवेगळी तपासली. केबल चांगली निघाली, एकट्या मोटारीवर पुन्हा शून्य आलं. मेगरची तबकडी आणि मोटारीच्या वायरी एकाच फोटोत घेतल्या. दाव्यात सगळ्यात उपयोगी तोच फोटो ठरला.

आता नंबराचं. पंप आणि मोटार ही दोन वेगळी यंत्रं आहेत. पंपाच्या प्लेटवर आयएस ८०३४ असतं, मोटारीच्या प्लेटवर आयएस ९२८३, आणि दोघांचे सिरीयल नंबर वेगळे असतात. बिलावर बऱ्याचदा एकच लिहिलेला असतो, म्हणून दोन्ही टिपून घ्या. नंबर स्टीलच्या अंगावर कोरलेला असतो आणि क्षारानं बुजतो. ओल्या फडक्यानं पुसा, तारेच्या ब्रशनं घासू नका. कोरडं झालं की खडू आडवा चोळा आणि वरची पूड बोटानं पुसून घ्या. पांढरी पूड खोबणीत बसते आणि आकडे उठून दिसतात. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर स्टील चमकून मधलेच आकडे जातात. सावलीत धरून बाजूनं उजेड येऊ द्या. एक फोटो फक्त नंबराचा, आणि एक थोडा मागून, ज्यात नंबर आणि अख्खी मोटार दोन्ही दिसतील. नाहीतर हा नंबर याच मोटारीचा कशावरून, असा प्रश्न येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा म्हणजे बारीक आकडे फुटत नाहीत, आणि मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.

कारण लिहिताना "मोटार जळाली, बदलून द्या" एवढ्यावर थांबू नका. जे पाहिलं ते आधी, संशय नंतर. मी असं लिहिलं होतं:

"सकाळी ६.४० ला चालू करताच ट्रिप, दोन वेळा. तिन्ही व्होल्टेज ४०५ ते ४१०. रिले ९ वर. मोटारीवर ७० फूट पाणी. केबल व जॉइंट चांगले. एकट्या मोटारीचा मेगर शून्य, तिन्ही रोध सारखे. दोन दिवसांपूर्वी वळीव झाला, विजा होत्या. त्यानंतर मोटार दीड दिवस नीट चालली. संशय: वाइंडिंगचं इन्सुलेशन एका जागी फुटलं असावं. मोटार उघडलेली नाही."

वळवाचं लिहू नको, विजेवर ढकलतील, असं घरात सगळे म्हणाले. मी लिहिलं. लपवलेली गोष्ट नंतर निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. सर्व्हिस सेंटरवर मोटार माझ्यासमोर उघडली. एकाच खाचेत तार काळी पडून फुटली होती, बाकी वाइंडिंग स्वच्छ. व्होल्टेज कमी राहिलं असतं किंवा लोड जास्त झाला असता तर सगळ्या कॉइल सारख्या करपल्या असत्या. एक फेज गेला असता तर काही कॉइल जळून बाकीच्या चांगल्या राहिल्या असत्या. कोरडी चालली असती तर बुश आणि थ्रस्ट बेअरिंग घासलेलं दिसलं असतं. मोटार उघडताना तिथे हजर राहा आणि त्याचेही फोटो घ्या.

अकराव्या दिवशी मोटार बदलून मिळाली. पंप जुनाच राहिला. मोटार काढण्या-बसवण्याची मजुरी, गाडीभाडं आणि त्या दिवसांत सुकलेल्या कांद्याची भरपाई मिळाली नाही. कार्डावर तसं लिहिलेलंच होतं. मोटार जमा करताना सिरीयल नंबर आणि "न उघडलेली" हा शब्द लिहिलेली पोच घ्या. पोच असूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.