बॅटन कॉलम: चॅनल पास होतात, बोल्ट फेल होतो

दोन चॅनलचा कॉलम म्हटलं की सगळे चॅनल निवडण्यातच दमतात. तो भाग सोपाय. माझा जीव खाल्ला तो बॅटनच्या बोल्टने, म्हणून त्यावरच लिहितोय.

तळोज्याच्या एखाद्या शेडचा साधा कॉलम घ्या. उंची 6 मीटर, दोन्ही टोकं पिन, फॅक्टर्ड लोड 1400 किलोन्यूटन, दोन आयएसएमसी 300 पाठीला पाठ, मधे 190 मिमी जागा. स्लेंडरनेस 50.8 येतो, बॅटन आहेत म्हणून 1.1 ने गुणून 55.9, आणि कपॅसिटी साधारण 1590. झालं, पास.

आता स्पेसिंग. एका चॅनलचा स्लेंडरनेस 50 च्या आत हवा एवढंच धरलं तर 1305 मिमी चालेल असं वाटतं, पण आयएस 800 मधे दुसरी अट पण आहे, अख्ख्या कॉलमच्या स्लेंडरनेसच्या 0.7 पट, आणि दोन्हीपैकी जी कमी ती धरायची. एका चॅनलचा सगळ्यात कमी रेडियस ऑफ जायरेशन 26.1 मिमी, म्हणजे 0.7 × 50.8 × 26.1, साधारण 928. आपण 900 धरू.

आता नीट वाचा. ट्रान्सव्हर्स शिअर लोडच्या 2.5 टक्के, म्हणजे 35. दोन बाजू, म्हणून 17.5 भागून मोकळं व्हायचं नाही! बॅटन दोन चॅनलना आडवा धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्यावरचा शिअर Vt·C/(N·S). Vt म्हणजे हाच 35, C बॅटनचं स्पेसिंग, N बॅटनच्या बाजू म्हणजे 2, आणि S बोल्टच्या दोन ओळींतलं अंतर. बोल्टच्या दोन ओळींत 290 मिमी अंतर असेल तर तो 54.3 होतो, तिप्पट. शिवाय मोमेंट Vt·C/2N, म्हणजे 7.9 किलोन्यूटन मीटर, आणि तो बोल्टच्या ओळीवरच येतो.

एका ओळीत 20 मिमीचे तीन बोल्ट, 90 पिच. नुसता शिअर बघितला तर बोल्टला 18, मस्त वाटतं. मोमेंटमुळे टोकाच्या बोल्टवर आडवे 44 येतात, दोन्ही मिळून 47. ग्रेड 4.6 चा बोल्ट 45.3 घेतो. फेल.

घाबरू नका, लगेच बोल्ट वाढवू पण नका. टोकाच्या बॅटनची खोली 310 धरून खरा लेआउट मांडला तर सात गाळे पडतात, स्पेसिंग 813 होतं आणि तोच बोल्ट 43 वर येऊन पास होतो. स्पेसिंग कमी केलं की शिअर आणि मोमेंट दोन्ही उतरतात, म्हणून मी आधी तिथेच हात घालतो.

सिनियरची तयार एक्सेल शीट मिळाली तर S च्या जागी काय भरलंय ते आधी बघा, तिथे पाठीतलं अंतर टाकलेलं असू शकतं. आणि कॉलमवर बॅटनच्याच प्लेनमधे मोमेंट येत असेल, क्रेनच्या ब्रॅकेटचा वगैरे, तर हा हिशोब लागूच होत नाही, तिथे सरळ लेसिंग करा.