मॅनेजरचा अपवर्ड रिव्ह्यू लिहिताय? या चुका टाळा

अप्रेझलचा मोसम आला की ओळखीतल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. ‘मॅनेजरबद्दल फीडबॅक लिहायचाय, जरा बघून द्या ना.’ बरीच वर्षं पुण्यातल्या आयटीत एचआरचं काम केल्यामुळे मी असे मसुदे दोन्ही बाजूंनी पाहिलेत, लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्याही. चुका दर वर्षी त्याच असतात, आणि बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, पोर्टल बंद व्हायला अर्धा तास असताना केलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘नाव दिसणार नाही’ एवढ्यावर विसंबून मन मोकळं करणं. आधी फॉर्म नीट बघा. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सवर वरच ‘the owner will see your name and email address’ असं लिहिलेलं असेल, तर विषयच संपला. काही ठिकाणी मॅनेजरला नाव दिसत नाही, पण सर्व्हे चालवणाऱ्याकडे ते असतं. बऱ्याच पोर्टलांवर पाचपेक्षा कमी उत्तरं आली तर मॅनेजरला निकाल दाखवत नाहीत. ही मर्यादा किती आहे ते एचआरला सरळ विचारायचं. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: कॉमेंट जशीच्या तशी दाखवतात का? बहुतेक ठिकाणी दाखवतात. म्हणजे तुमचं नाव झाकलं जातं, तुमचं वाक्य नाही.

एका टीममध्ये सात जण होते, सहा जणांनी भरलं. निकालाच्या बैठकीत मॅनेजरसमोर मी बसले होते. एक कॉमेंट साधारण अशी होती: ‘रात्रीच्या क्लायंट कॉलला आम्हाला बसवतात आणि स्वतः येत नाहीत. फेब्रुवारीत मायग्रेशनच्या वेळी सलग तीन रात्री मी एकटाच होतो, वर दुसऱ्या दिवशी स्टँडअपला उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं.’ शब्दन् शब्द खरा होता. मॅनेजरने वाचलं, मान वर केली आणि मला नाव सांगितलं. मायग्रेशनला त्या रात्री बसलेला माणूस एकच होता, त्यात शोधायचं काय? मी चेहरा कोरा ठेवला, पण त्याने काही फरक पडला नाही.

पुढे आरडाओरडा वगैरे काही झाला नाही. तसा तो सहसा होतच नाही. त्या मुलाला क्लायंट कॉलची आमंत्रणं येणं बंद झालं. नवीन मोड्यूल दुसऱ्याकडे गेलं. पुढच्या रेटिंगमध्ये ‘टीमशी जुळवून घेण्यात कमी पडतो’ अशी ओळ आली. तक्रार करायला जावं तर हातात धरण्यासारखं काही नाही, प्रत्येक गोष्टीला मॅनेजरकडे कारण तयार.

तीच गोष्ट अशी लिहिता आली असती: ‘रात्रीच्या कॉलला कोण बसणार हे आयत्या वेळी ठरतं, आणि निर्णय घेऊ शकणारं कोणी तिथे नसल्याने प्रश्न दुसऱ्या दिवसावर जातो. आठवड्याची पाळी सोमवारी कळली आणि रात्री काम केलेल्याला सकाळच्या स्टँडअपमधून सूट मिळाली तर बरं होईल.’ तारीख गेली, ‘मी’ गेला, तरी तक्रार पूर्ण आहे. उलट आता मॅनेजरला करण्यासारखं काहीतरी हातात आहे. मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: टीममधले आणखी दोघे तरी हे लिहू शकले असते का? नसतील, तर वाक्य आणखी सैल करायचं. रात्रीचे कॉल मुळात एकटाच माणूस घेत असेल तर कितीही सैल केलं तरी तो ओळखू येणार. मग तो मुद्दा फॉर्मात घालूच नका. आणि मराठीत लिहायची मुभा असेल तर ‘थांबलो’ की ‘थांबले’ यातच निम्मी टीम गळते, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे सहकाऱ्याला मध्ये ओढणं. ‘नाव कुठे घेतलंय?’ असं म्हणत लोक ‘नवीन आलेल्या सीनियर टेस्टरला झुकतं माप मिळतं’ असं लिहितात. टीममध्ये सीनियर टेस्टर एकच असते! त्या बिचारीने काही मागितलेलंही नसतं, पण मॅनेजर तिला बोलावून ‘तुझ्याबद्दल टीममध्ये नाराजी आहे’ म्हणतो, ती बाहेर येऊन कोणी लिहिलं असेल ते शोधत बसते, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. तुमची तक्रार माणसाबद्दल नाही, वाटपाबद्दल आहे ना? मग वाटपाबद्दल लिहा. ‘ऑनसाइटच्या संधी टीमला कळायच्या आधीच ठरलेल्या असतात. निवडीचे निकष आधी सांगितले तर तयारी करता येईल.’ मॅनेजरला कोणाबद्दल आहे ते बरोबर कळतं. फक्त त्याला ते नाव स्वतःच्या तोंडाने घ्यावं लागतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

‘अहंकारी’, ‘टॉक्सिक’, ‘मायक्रोमॅनेजर’ अशी विशेषणं नकोत. काय करतात ते लिहा: ‘पाठवलेला प्रत्येक मेल आधी दाखवावा लागतो.’

सगळ्या प्रश्नांना रागाने १ देऊ नका. पाच जणांत चौघांनी ४ आणि तुम्ही सगळीकडे १ दिलात, तर कॉमेंट न वाचताही ते उत्तर वेगळं उठून दिसतं.

वर्षभराचं सगळं एकदम ओतू नका. दोन मुद्दे पुरे.

वर्ड फाइल जोडायला सांगितली असेल तर तिच्या माहितीत लेखकाचं नाव असतं. ते काढा, नाहीतर मजकूर फॉर्मातच टाइप करा.

चहाच्या टपरीवर ठरवून सगळ्यांनी एकच वाक्य लिहायचं, हा शॉर्टकट दर दोन वर्षांनी कोणाला तरी सुचतो. वाचणाऱ्याला तो कट वाटतो आणि खरा मुद्दाही खोटा ठरतो.

काही कंपन्यांत हा रिव्ह्यू नावानिशीच असतो. तिथे माझा नियम उलटा आहे: समोरासमोर एकदा बोलून झालंय तेवढंच लिहायचं. मॅनेजरला पहिला धक्का कागदावर बसला, आणि तोही त्याच्या वरिष्ठाला प्रत गेलेली असताना, तर तो मुद्दा ऐकत नाही, बचाव करतो. नाव नसलेल्या फॉर्मात मात्र तुम्ही वन-ऑन-वनमध्ये वापरलेली वाक्यं पुन्हा वापरू नका. ती तुमची म्हणून त्याला पाठ असतात.

एक गोष्ट मात्र सैल करून लिहायची नाही, कारण ती इथे लिहायचीच नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची. २०१३च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. ‘फीडबॅकमध्ये लिहिलं होतं’ म्हणून मुदत थांबत नाही. पैशाच्या अफरातफरीचंही तसंच, त्यासाठी कंपनीची वेगळी तक्रार-वाट असते. तिथे तारखा, नावं, मेल सगळं लागतं.

फॉर्म भरण्याआधी मसुदा एक रात्र तसाच ठेवायचा, ही माझी सवय. भरल्यावर, जे लिहिलं त्याची प्रत आणि तारीख घरच्या वहीत. पुढच्या चार-सहा महिन्यांत काम काढून घेतलं, बैठकींतून वगळलं, रेटिंग घसरलं, तर तेही त्याच पानावर तारखेनिशी टिपायचं. कंपनीची कागदपत्रं किंवा मेल घरच्या खात्यावर पाठवू नका, त्यावरूनच उलट तुमच्यावर कारवाई होते. एचआरकडे जाताना ‘मला त्रास देतात’ यापेक्षा ते पान जास्त कामाला येतं.