३८५ चा आकडा आणि दवाखान्यात न येणारे रुग्ण

वस्तीतल्या दवाखान्यात नोंदलेले रुग्ण उच्च रक्तदाबाच्या गोळ्या कितपत नियमित घेतात, हा माझ्या संशोधन प्रस्तावाचा विषय होता. नमुना ३८५ जणांचा, असे मी ठामपणे लिहिले होते, कारण हाताशी सूत्र होते:

```
n = Z² × p × (1 − p) / d²
```

९५ टक्के विश्वासपातळीसाठी Z १.९६ आणि चालेल एवढी चूक d ०.०५ धरली. नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ठाऊक नसल्याने p ०.५ घेतला, याच किमतीला नमुना सर्वांत मोठा येतो, म्हणून तो सुरक्षित. उत्तर ३८४.१६ आले, ते ३८५ केले.

मार्गदर्शकांनी फक्त एवढेच विचारले, की नोंदवहीत रक्तदाबाचे एकूण रुग्ण किती? ते ६०० होते. एकूण संख्या इतकी मर्यादित असेल तर 385 / (1 + 384/600) ही दुरुस्ती करावी लागते आणि २३५ जण पुरतात. निवडलेल्यांतले १० टक्के भेटणार नाहीत असे धरले, तर २३५ ला ०.९ ने भागून २६२ येतात. मी आधी सरळ १० टक्के मिळवून २५९ लिहिले होते. पण २५९ मधून १० टक्के गळाले तर २३३ च उरतात. चूक छोटी, पण परीक्षक नेमकी तीच पकडतात.

खरी चूक मात्र निवडीच्या पद्धतीत होती. ‘तपासणीला येणारे सलग रुग्ण घेतले जातील’ असे मी लिहिले होते. ज्याने गोळ्या सोडल्या तो बहुधा दवाखान्यातही येत नाही, म्हणजे ज्याला शोधायचे तोच या पद्धतीत दारातून गळतो. शिवाय दरमहा येणारा रुग्ण तीन महिन्यांतून एकदा येणाऱ्यापेक्षा आपल्या हाती लागण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. अशा नमुन्यात नियमितपणा फुगून दिसतो, आणि संख्या वाढवल्याने तो दोष जात नाही. मुळात हे सूत्र यादृच्छिक निवड गृहीत धरते.

म्हणून नोंदवहीतल्या सर्व ६०० जणांना, सहा महिने न फिरकलेल्यांसकट, क्रमांक दिले आणि यादृच्छिक क्रमांकांनी २६२ निवडायचे ठरवले. जे येत नाहीत त्यांच्याकडे फोन किंवा गृहभेट, असे तीन प्रयत्न ठेवले. तरीही कोणी न सापडल्यास त्याच्या जागी दुसरा रुग्ण घ्यायचा नाही, असे स्पष्ट लिहिले. कारण बदली म्हणून सहज सापडणारा माणूस बहुधा गोळ्या घेणाराच असतो. न सापडलेल्यांचे वय, लिंग आणि शेवटच्या भेटीची तारीख नोंदवहीतून घेऊन सापडलेल्यांशी ताडून पाहण्याचा तक्ताही प्रस्तावात जोडला.