कपाळ-नाकावरची तेलकट चमक घालवा, पण उजेड राहू द्या

तेलकट चमक म्हणजे त्वचेवर पडलेलं दिव्याचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब. त्यामुळे तिथे त्वचेचा रंग जवळजवळ नसतोच, प्रकाशाचा असतो. म्हणून नुसता Highlights स्लायडर खाली ओढला की चमकेच्या जागी राखाडी डाग उमटतो. उजेड कमी करण्यापेक्षा तिथे त्वचेचा रंग परत आणणं महत्त्वाचं आहे.

फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवर एक रिकामा लेयर घ्या आणि त्याचा मोड Darken करा. या मोडमध्ये ब्रश फक्त निवडलेल्या रंगापेक्षा उजळ भागावर चालतो. छिद्रांच्या गडद कडा तशाच राहतात, त्यांच्यामधले पांढरे ठिपके तेवढे रंगतात. त्वचेचा पोत टिकतो तो यामुळेच.

आता मऊ कडेचा ब्रश घ्या, Opacity 10 टक्के ठेवा. Alt दाबून रंग उचला (मॅकवर Option). खरी चूक इथेच होते: बहुतेक जण गालावरचा सावळा भाग निवडतात आणि कपाळ पत्र्यासारखं सपाट होतं. रंग चमकेला अगदी लागून असलेल्या, उजेडातल्याच त्वचेचा घ्या.

समजा कपाळावरच्या चमकेचं माप Info पॅनेलमध्ये लाल 248, हिरवा 240, निळा 232 आहे आणि शेजारच्या उजळ त्वचेचं 226, 184, 158. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले की तिथला रंग उडाला असं समजा. शेजारचा रंग उचलून दोन-तीन हलके हात फिरवा. डागाची धार विरली आणि आकड्यांमध्ये पुन्हा अंतर पडू लागलं की थांबा. मधला भाग आजूबाजूपेक्षा थोडा उजळ राहिलाच पाहिजे, कपाळाची गोलाई त्याच्यावरच दिसते.

नाकावर तर हात आणखी आवरा. नाकाच्या दांड्यावरची उजळ रेघ पुसली की नाक चेहऱ्यात बुडतं. रेघेच्या दोन्ही बाजूंनी रंगवत तिची रुंदी कमी करा. शेंड्यावरचा बारीक ठिपका मी कधीच पूर्ण पुसत नाही. नाकासाठी रंगही नाकावरचाच घ्या, ते बऱ्याचदा कपाळापेक्षा लालसर असतं.

जिथे तिन्ही आकडे 255 आहेत तिथे मात्र पोत उरलेलाच नसतो, नुसता रंग भरला तर प्लास्टिक दिसेल. तिथे आधी खाली Normal मोडचा वेगळा लेयर घ्या. हीलिंग ब्रशचं Sample हे Current & Below वर ठेवून कपाळाच्याच चांगल्या भागातून पोत आणा, मग वरच्या लेयरवर रंग द्या. फार मोठा भाग असा जळला असेल तर तो पूर्ण सुधारत नाही.

शेवटी फोटो लहान करून पाहा आणि रंगाच्या लेयरचा डोळा बंद-चालू करा. चेहरा थकलेला किंवा पावडर थापल्यासारखा वाटला तर त्याच लेयरची Opacity 60-70 टक्क्यांवर आणा.