शब्द पाठ, वाक्य मात्र अडते: विभक्तीच्या तक्त्यावरून सरावाची वाक्ये रचताना या चुका टाळा

संस्कृत शिकणारे अनेक जण ‘रामः रामौ रामाः’पासून शेवटच्या संबोधनापर्यंत शब्द न अडखळता चालवून दाखवतात, मात्र ‘मी गुरूंना फूल देतो’ एवढे साधे वाक्य संस्कृतात करायला सांगितले की मनातल्या मनात पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणत चौथ्या ओळीपर्यंत उतरतात. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे तक्त्यातील रूपे घेऊन स्वतःच वाक्ये रचणे. उपाय योग्य आहे, परंतु अशी वाक्ये बहुतेक वेळा इतकी सोयीस्कर रचली जातात की ज्या प्रत्ययाचा सराव व्हायला हवा, त्याची परीक्षाच होत नाही. वाक्य वहीत उतरवण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: रिकाम्या जागी शेजारच्या विभक्तीचे रूप घातले, तर वाक्य चुकले हे आपल्याला दिसेल का? दिसणार नसेल, तर ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही सरावाच्या कामाचे नाही. (पुढील वाक्यांत रूपे स्पष्ट दिसावीत म्हणून संधी मुद्दाम केलेले नाहीत. सरावाच्या वहीतही सुरुवातीला ते न केलेले बरे.)

फळ, पाणी आणि पुस्तक यांवरच द्वितीया गिरवणे

नवशिक्याच्या वहीत द्वितीयेची वाक्ये बहुधा अशी असतात: ‘बालकः पुस्तकं पठति’, ‘सीता फलं खादति’, ‘अहं जलं पिबामि’. तिन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण तिन्हींतील कर्म नपुंसकलिंगी आहे आणि नपुंसकलिंगात प्रथमा व द्वितीया यांची रूपे सारखीच असतात. म्हणजे लिहिणाऱ्याने द्वितीया वापरली, की तक्त्यातील पहिलेच रूप उचलून ठेवले, हे त्याचे त्यालाही कळत नाही. त्यात मराठीही मदतीला येत नाही, कारण ‘मुलगा पुस्तक वाचतो’ या वाक्यात निर्जीव कर्माला आपण कोणताच प्रत्यय लावत नाही. परिणाम पुढे दिसतो: अशी वाक्ये भरपूर लिहिलेला विद्यार्थी ‘श्लोक’ शब्द आला की ‘बालकः श्लोकः पठति’ असे बिनदिक्कत लिहून जातो.

म्हणून द्वितीयेच्या वाक्यांत कर्म पुल्लिंगी घ्यावे. श्लोक, पाठ, ग्रन्थ, मोदक, वृक्ष हे शब्द कोणत्याही प्राथमिक पुस्तकात असतात. ‘बालकः श्लोकं पठति’ आणि ‘सीता मोदकान् खादति’ या वाक्यांत प्रत्यय चुकला तर लगेच डोळ्यांत येतो. स्त्रीलिंगी कर्म एकवचनात चालते, कारण ‘कथा’ आणि ‘कथाम्’ वेगळे आहेत; बहुवचनात मात्र दोन्हीकडे ‘कथाः’च होत असल्याने तेथे पुन्हा तोच घोटाळा होतो.

हीच काळजी पंचमी आणि षष्ठी यांच्या बाबतीतही घ्यावी लागते. ‘बालकः गुरोः पुष्पं गृह्णाति’ हे वाक्य पंचमीच्या सरावासाठी लिहिले, तरी ‘गुरोः’ हे रूप षष्ठीचेही असल्याने ‘गुरूंकडून फूल घेतो’ आणि ‘गुरूंचे फूल घेतो’ असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. ‘मुनेः’, ‘नद्याः’, ‘मातुः’ यांचीही हीच स्थिती आहे. एकवचनात या दोन विभक्ती वेगळ्या दिसतात त्या अकारान्त शब्दांत, म्हणून येथे ‘शिक्षकात्’ आणि ‘शिक्षकस्य’ अशा जोडीवरच भर द्यावा. ‘देव’ शब्दाच्या तक्त्यात घरे 24 असली, तरी त्यांत प्रत्यक्षात 17च वेगळी रूपे आहेत. कोणती घरे एकमेकांसारखी आहेत, हे वाक्ये रचण्यापूर्वी पेन्सिलीने खूण करून ठेवले की पुष्कळ निरुपयोगी लेखन वाचते.

मराठी प्रत्ययावरून विभक्ती ठरवणे

ही चूक सर्वांत खोलवर रुजलेली असते, कारण मराठी व्याकरणात आपण ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीया आणि चतुर्थी या दोन्हींखाली पाठ केलेले असतात आणि विभक्त्यांची नावेही संस्कृतातीलच असतात. नाव तेच असले म्हणजे कामही तेच असेल, असे वाटू लागते. प्रत्यक्षात एका ‘वाघाला’ या रूपापुढे संस्कृत किती वाटा फोडते ते पाहावे. ‘मी वाघाला पाहतो’ हे ‘अहं व्याघ्रं पश्यामि’, म्हणजे द्वितीया. ‘मी वाघाला मांस देतो’ हे ‘अहं व्याघ्राय मांसं यच्छामि’, म्हणजे चतुर्थी. ‘मी वाघाला घाबरतो’ हे ‘अहं व्याघ्रात् बिभेमि’, म्हणजे पंचमी, कारण ज्याचे भय वाटते त्याला पाणिनीने अपादान मानले आहे. आणि ‘वाघाला लांब शेपूट असते’ हे ‘व्याघ्रस्य दीर्घं पुच्छम् अस्ति’, म्हणजे षष्ठी.

ही चार वाक्ये एकाखाली एक लिहून, संस्कृत बाजू झाकून, उलटसुलट क्रमाने सोडवणे हा तक्त्यावरून करता येण्यासारखा फार चांगला सराव आहे, कारण येथे मराठी प्रत्यय सारखाच असल्याने त्याच्यावर विसंबताच येत नाही. क्रियापदाकडे पाहावेच लागते. ‘वर’ या शब्दाचीही अशीच जोडी करता येते: ‘वडील मुलावर रागावतात’ याचे ‘पिता पुत्राय क्रुध्यति’ होते आणि ‘आई मुलावर माया करते’ याचे ‘माता पुत्रे स्निह्यति’. ‘ने’ची गफलत मात्र निराळ्या प्रकारची आहे. ‘रामाने मोदक खाल्ला’ हे वाक्य ‘रामेण मोदकम् अखादत्’ असे लिहिलेले वारंवार आढळते. ‘अखादत्’ हे कर्तरी क्रियापद असल्याने ‘रामः मोदकम् अखादत्’ हवे. तृतीयाच ठेवायची असेल तर क्रियापद बदलून ‘रामेण मोदकः खादितः’ असे करावे लागते.

यासाठी वहीत क्रियापद एकटे लिहू नये. ‘बिभेति’ याच्यापुढे ‘पंचमी’, ‘यच्छति’ याच्यापुढे ‘चतुर्थी’, ‘सह’ याच्यापुढे ‘तृतीया’ असे जोडूनच लिहावे, आणि वाक्य रचताना आधी ही जोडी, मग नाम असा क्रम ठेवावा.

तक्ता वरून खाली उतरत जाणे

एकच शब्द घेऊन प्रथमेपासून सप्तमीपर्यंत ओळीने एकेक वाक्य रचले, तर प्रत्येक रूपाचा आधार आधीचे रूप होते आणि पाठांतराचीच नक्कल घडते. त्यापेक्षा विभक्ती एकच धरून शब्द बदलावेत, म्हणजे वेगवेगळ्या तक्त्यांतील एकाच ओळीवरून आडवे जाता येते.

एक पान कसे दिसेल ते पाहू. वर चौकट लिहावी: ‘बालकः ______ पुष्पं यच्छति।’ डाव्या बाजूस मूळ शब्द लिहावेत: शिक्षक, बालिका, मुनि, गुरु, भगिनी, मातृ. उत्तरे पानाच्या मागे असावीत: शिक्षकाय, बालिकायै, मुनये, गुरवे, भगिन्यै, मात्रे. दुसऱ्या दिवशी हेच सहा शब्द तसेच ठेवून फक्त चौकट बदलावी: ‘बालकः ______ सह गच्छति।’ आता उत्तरे येतात: शिक्षकेण, बालिकया, मुनिना, गुरुणा, भगिन्या, मात्रा. तिसऱ्या दिवशी दोन्ही चौकटी मिसळून, शब्दांचा क्रम मोडून सोडवाव्यात. खरी कसोटी याच दिवशी लागते, कारण पहिल्या दोन दिवसांत कोणती विभक्ती हवी हे आधीच ठाऊक असते. रोज नवी वाक्ये रचत पुढे जाणारे आणि जुन्या पानाकडे न फिरकणारे विद्यार्थी नेमका हाच दिवस गाळतात.

चौकटीत एका वेळी एकच गोष्ट नवी असावी. शब्द नवा, क्रियापद अपरिचित आणि वर द्विवचन असे एकत्र आले, की उत्तर चुकल्यावर नेमके काय चुकले ते सांगता येत नाही. द्विवचन शेवटी घ्यावे आणि ते जेथे स्वाभाविक आहे तेथूनच सुरू करावे: ‘नेत्राभ्यां पश्यति’, ‘पादाभ्यां चलति’.

चौकट पक्की झाल्यावर विशेषण जोडले, की आणखी एक चूक वर येते: विशेषणाला नामाच्या विभक्तीऐवजी नामाचा आवाज दिला जातो. ‘वृद्ध मुनीला’ याचे ‘वृद्धाय मुनये’ असे न होता ‘वृद्धये मुनये’ असे यमक जुळवले जाते. (गंमत अशी, की ‘वृद्धये’ हे रूप अस्तित्वात आहे, फक्त ते ‘वृद्धि’ शब्दाचे आहे.) म्हणून विशेषणाची वाक्ये करताना नाम आणि विशेषण मुद्दाम वेगवेगळ्या अन्त्यांचे निवडावे: ‘तस्मै गुरवे’, ‘वृद्धायै भगिन्यै’, ‘प्रियाय मुनये’.

चुकीचे निदान न करता पुन्हा तक्ता घोकणे

उत्तर चुकले की सरसकट तक्त्याकडे वळण्याची सवय असते. परंतु चुका दोन जातींच्या असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. ‘बालकः गुराय पुष्पं यच्छति’ असे लिहिणाऱ्याने विभक्ती बरोबर ओळखली आहे, फक्त उकारान्त शब्द अकारान्तासारखा चालवला आहे. त्याने ‘गुरु’ आणि ‘मुनि’ यांचे तक्ते पुन्हा पाहावेत. ‘बालकः गुरुं पुष्पं यच्छति’ असे लिहिणाऱ्याचे रूप निर्दोष आहे, त्याची विभक्ती चुकली आहे. त्याने तक्ता कितीही घोकला तरी उपयोग नाही, त्याला ‘यच्छति’ची निरनिराळी वाक्ये हवीत. चुकलेल्या वाक्यापुढे पानाच्या कडेला ‘रू’ किंवा ‘वि’ एवढी खूण केली, तरी आठवड्याने पान उलटताना दुखणे कोठे आहे ते दिसते.

स्वतः रचलेले रूप न तपासता पाठ करणे

नमुन्याच्या तक्त्यावरून दुसरा शब्द चालवताना सर्वाधिक फसवणूक ‘न’ आणि ‘ण’ यांची होते. ‘रामेण’ पाठ असल्यामुळे ‘बालकेण’ लिहिले जाते, आणि ‘देव’ शब्द नमुना म्हणून शिकलेला विद्यार्थी उलट ‘पुत्रेन’ लिहितो. शब्दात आधी ऋ, र किंवा ष असेल आणि त्यानंतर ‘न’ येईपर्यंत मध्ये फक्त स्वर, कवर्ग, पवर्ग, ह, य, व किंवा अनुस्वार असेल, तर ‘न’चा ‘ण’ होतो. म्हणून पुत्रेण, मृगेण, पुष्पेण, शिक्षकेण. मध्ये दुसरे व्यंजन आडवे आले तर तो होत नाही. म्हणून रथेन आणि अर्जुनेन. ‘न्’ शब्दाच्या अगदी शेवटी असेल तरीही तो तसाच राहतो. म्हणून ‘रामान्’, ‘पुत्रान्’. तृतीयेचे एकवचन, षष्ठीचे बहुवचन आणि नपुंसकलिंगातील प्रथमा-द्वितीयेचे बहुवचन या घरांतील स्वतः तयार केलेली रूपे उत्तरांच्या बाजूस उतरवण्यापूर्वी या नियमावर ताडून घ्यावीत. शंका उरली तर शब्दरूपावलीत त्याच अन्त्याचा आणि लिंगाचा, शक्यतो र किंवा ष असलेला, शब्द शोधावा.