कॉलमजवळचा उभा तडा: फोटोत काय दिसतं आणि घरी काय तपासायचं

नमस्कार. नेरुळच्या घरातल्या हॉलच्या कोपऱ्याचे तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. तडा स्कर्टिंगच्या फूटभर वर सुरू होतो, ओळंब्यात धरल्यासारखा सरळ साडेतीन फूट चढतो आणि मध्यावर जास्त रुंद आहे. खालच्या टोकाशी तपकिरी डाग आहे. मागे बाथरूम आहे आणि इमारत 1992 ची आहे, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून दोनच शक्यता उरतात. दोन्हींचा तडा दिसायला जवळजवळ सारखाच असतो, उपाय मात्र एकाचा काही हजारांत घरच्या घरी होतो आणि दुसऱ्याचा सोसायटीलाच करावा लागतो.

पहिली शक्यता म्हणजे सांध्याचा तडा. त्या काळच्या इमारतींत नऊ इंची कॉलम भिंतीच्या रेषेत लपवलेले असतात. विटा आणि काँक्रीट उन्हाने आणि ओलीने सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे दोघांच्या सांध्यावरचं प्लास्टर फाटतं. प्लास्टर करताना सांध्यावर कोंबडीजाळी लावली नसेल तर हा तडा जवळजवळ ठरलेलाच. तो कुरूप दिसतो, पण इमारतीला त्यापासून धोका नसतो.

दुसरी शक्यता म्हणजे कॉलममधली कोपऱ्याची सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. त्याला आतून वाट मिळत नाही, म्हणून तो वरचं काँक्रीट सळईच्या लांबीने फोडतो. हा तडा सळईला समांतर असतो, म्हणून कॉलममध्ये तो उभाच येतो.

आता तडा यांपैकी कुठला, ते ओळखू. आधी कॉलमची कड शोधा. तड्याच्या दोन्ही बाजूंना, थोडं लांब, एकेक बारीक खिळा हलक्या हाताने ठोका. विटेत तो शिरत जातो, काँक्रीटवर प्लास्टर संपलं की अडतो किंवा वाकतो. खिळ्याची जागा थोडी थोडी सरकवत जा आणि जिथून तो शिरेनासा होतो तिथे, म्हणजे कॉलमच्या कडेवर, पेन्सिलने रेघ मारा. (बाथरूमचा पाइप किंवा वायर जाते त्या उंचीवर खिळा मारू नका.) खात्री हवी असेल तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तीच जागा बघा, कॉलम सहसा वरपासून खालपर्यंत एकाच जागी असतो. त्यांच्याकडेही तसाच तडा असेल तर ती माहिती सगळ्यात मोलाची.

मग रेघ आणि तडा यांतलं अंतर मोजा. तडा रेघेवरच असेल तर तो सांध्याचा. कॉलमच्या अंगावर, कडेपासून दीड ते अडीच इंच आत असेल तर सळईचा संशय घ्या. कारण सरळ आहे: सळईवर 40 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण धरलं, त्यात सळयांभोवतीच्या रिंगची जाडी आणि सळईची अर्धी जाडी मिळवली, की कोपऱ्याची सळई कडेपासून साधारण दोन इंचांवर येते. फोटोत तडा कोपऱ्यापासून तितकाच लांब वाटतो, पण फोटोवर अंतराचा भरवसा ठेवू नये.

त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तड्याच्या दोन्ही बाजूंना ठोका. मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर प्लास्टर किंवा काँक्रीट सुटलेलं आहे. तड्यावरून बोट आडवं फिरवा. एक ओठ दुसऱ्यापेक्षा वर आलेला लागला, तर आतून काहीतरी ढकलतंय. सांध्याच्या तड्याचे ओठ बहुधा एका पातळीत असतात. रुंदीसाठी एटीएम कार्ड वापरा. ते सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असतं, त्याची कड आत गेली तर तडा त्याहून रुंद आहे.

शेवटची परीक्षा वेळ घेते, पण तीच सगळ्यात प्रामाणिक. तड्याच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि महिन्यातून एकदा त्याच जागी रुंदी बघा. सांध्याचा तडा कोरड्या दिवसांत उघडतो आणि पावसाळ्यात थोडा मिटतो. गंजाचा तडा कधीच मिटत नाही, लांबत आणि रुंदावत जातो.

तुमच्या फोटोत डावा ओठ उचललेला दिसतो आणि डागही गंजाच्या रंगाचा आहे. त्यामुळे माझा कल सळईकडे आहे. बाथरूमची गळती हेच मूळ असेल असंही वाटतं. डागावरून मात्र निकाल देऊ नका, कारण ओलीचा डागही तपकिरी पडतो.

याचा अर्थ कॉलम उद्या बसेल असा नाही. सळई गंजून आवरण फुटायला आणि त्यानंतर कॉलमची ताकद खरोखर घटायला बहुधा वर्षं जातात. पण कॉलमवर आडवा किंवा तिरका तडा दिसला, काँक्रीटचा ढलपा पडून वाकलेली सळई उघडी पडली, किंवा अचानक आसपासची दारं अडकू लागली, तर वाट बघू नका. घर रिकामं करा, सोसायटीला आणि महापालिकेला कळवा.

एरवी पहिलं काम म्हणजे बाथरूमची गळती बंद करणं. ओल चालू असताना केलेली कॉलमची दुरुस्ती फार टिकत नाही. दुसरं म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र, फोटोंसह. कॉलम ही सामायिक मालमत्ता आहे, त्याची दुरुस्ती एकट्याने करू नका. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. तुमची इमारत दुसऱ्या गटात आहे. शेवटच्या ऑडिटचा अहवाल मागा आणि त्यात या कॉलमची नोंद आहे का ते बघा.

कंत्राटदार आला की त्याच्या कामावर असं लक्ष ठेवा. काँक्रीट फोडण्याआधी भार पेलण्यासाठी बीमखाली टेके हवेत. टेक्यांशिवाय कॉलम फोडायला घेतला तर काम थांबवा. नुसतं सळईच्या तोंडापर्यंत फोडून चालत नाही, सळईच्या मागेही बोट फिरेल इतकी, साधारण 20-25 मिलिमीटर जागा मोकळी हवी. नाहीतर मागच्या बाजूचा गंज तसाच राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत नव्या मसाल्यासकट सगळं पुन्हा सुटतं. गंज ब्रशने चकाकेपर्यंत काढला, की इंजिनिअर सळईची जाडी मोजतो आणि जास्त झिजली असेल तर जोडसळई टाकायला सांगतो. मग गंजरोधक लेप, नवं-जुनं जोडणारा थर आणि पॉलिमर मसाला किंवा मायक्रोकाँक्रीट. साध्या सिमेंट-वाळूने भरून वर रंग, हे स्वस्तात होतं आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त फसतं.

तपासणीत तडा सांध्याचाच निघाला, तर पावसाळा संपून भिंत सुकल्यावर तो व्ही आकारात सेंटीमीटरभर खोदा, धूळ काढा, पॉलिमर मसाल्याने भरा आणि वर सहा-आठ इंच रुंद फायबर जाळी लावून फिनिश करा.

तोवर पुट्टी किंवा पीओपी भरू नका, दिवाळीच्या रंगाचा बेत असला तरी. तड्याशेजारी टेप धरून आणि कार्ड ठेवून समोरून एक फोटो काढा, एक बाजूने, प्रकाश तिरका पाडून. खिळ्याने सापडलेली कॉलमची कड त्यात रेघेने दाखवा. तेवढं पाठवलंत की कल सोडून ठाम सांगता येईल.