चुकीची कबुली देणारा मेल आणि तीन मसुदे

नोकरीच्या पहिल्या वर्षी एक अहवाल पाठवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिसऱ्या तक्त्यात मार्चचे आकडे दोनदा धरले गेलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुख मॅडमना कळवायला बसले. सुचेल तसं लिहिलं ते असं:

“मॅडम, काल पाठवलेल्या अहवालात माझी चूक झाली आहे. तिसऱ्या तक्त्यात मार्चचे आकडे दोनदा आलेत, म्हणजे बेरीज जास्त दिसतेय. रात्री झोपताना लक्षात आलं. बाकीचे तक्ते परत तपासलेत, ते बरोबर आहेत. नवीन तक्ता दुपारपर्यंत देते.”

हे फारच साधं वाटलं. ऑफिसातले जुने मेल समोर ठेवून तासभर घासूनपुसून मी त्याचं हे केलं:

“महोदया, सदर अहवालातील तक्ता क्रमांक ३ मध्ये काही त्रुटी आढळून आल्या असून त्यांचे निराकरण करण्यात येत आहे. सुधारित तक्ता लवकरात लवकर सादर करण्यात येईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

पाठवलं, आणि पाच मिनिटांत मॅडमचा फोन आला. “त्रुटी कोणाला आढळल्या? बाहेरून कोणी कळवलंय का? किती आहेत? बाकीचे तक्ते वापरू का नको?” या चारही प्रश्नांची उत्तरं पहिल्या मसुद्यात होती. ती मीच काढून टाकली होती.

तेव्हापासून मी मसुदा सुधारताना आधी कर्ता शोधते. “माझी चूक झाली” मधली मी “त्रुटी आढळून आल्या” मध्ये उरत नाही. “तपासलेत” हे एक क्रियापद होतं, त्याचं “निराकरण करण्यात येत आहे” झालं, आणि नेमकं काय केलं तेच कळेनासं झालं. “दुपारपर्यंत”चं “लवकरात लवकर” झालं. मराठीत आपला सूर बराचसा कर्ता आणि क्रियापद यांत असतो. तो गेला की बहुतेक वेळा माहितीही गेलेली असते. म्हणून ‘करण्यात’, ‘आढळून’, ‘सदर’, ‘असून’ असे शब्द दुसऱ्या मसुद्यात नव्याने उगवले असतील, तर त्या प्रत्येक जागी पहिला मसुदा उघडून बघते. त्यासाठी पहिला मसुदा वेगळा जपून ठेवावा लागतो, त्याच्यावरच खाडाखोड केली की तुलना करायला काही उरत नाही.

पहिल्या मसुद्यातलं सगळंच राखायचं असंही नाही. आज तोच मेल मी असा लिहीन:

“मॅडम, कालच्या अहवालातला तिसरा तक्ता कृपया वापरू नका. मी त्यात मार्चचे आकडे दोनदा धरले, त्यामुळे बेरीज जास्त आली आहे. माझी चूक झाली. बाकीचे तक्ते परत तपासले, ते बरोबर आहेत. दुरुस्त तक्ता आज दुपारी २ पर्यंत पाठवते.”

वाचणाऱ्याला आधी काय करायचं ते हवं, म्हणून तो भाग वर नेला. झोपतानाची गोष्ट मॅडमच्या उपयोगाची नव्हती, ती गेली. ‘दिसतेय’सारखं बोली रूप गेलं. वेळ नेमकी आली. एवढं बदलूनही हे माझंच वाक्य राहिलं, कारण त्यांच्या टेबलासमोर उभी राहून मी ते जसंच्या तसं म्हणू शकते. ही परीक्षा मी खरोखर घेते: मेल मोठ्याने वाचते. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वाक्य तोडते. एखादा शब्द तोंडात येताना अवघडला, तर त्याच्या जागी आधी काय होतं ते पाहते.

बोलीची रूपं बदलली की सूर जातो, अशी नवख्यांना भीती असते. ‘लक्षात आलं’चं ‘लक्षात आले’ केल्याने मला तरी कधी काही हरवल्यासारखं वाटलं नाही. एका मेलमध्ये दोन्ही पद्धती मिसळल्या तर मात्र वाचताना खडे लागतात. शुद्धलेखनही बिनधास्त सुधारावं, ऱ्हस्व-दीर्घात कोणाचा स्वभाव नसतो.

मसुदा दुसऱ्याला दाखवताना मी एक अट घालते: “बदलू नका, फक्त अडलं तिथे खूण करा.” अनुभवी सहकारी प्रेमाने अख्खं वाक्य नवीन लिहून देतात. ते चांगलंही असतं, पण ते त्यांच्या तोंडचं असतं, आणि पुढचा मेल आपल्या भाषेत गेला की दोन माणसांनी लिहिल्यासारखं दिसतं. खूण मिळाली की तिथे काय अडलं ते विचारते आणि वाक्य स्वतः दुरुस्त करते.

नियमांची सूचना किंवा करार लिहिताना यातलं काही लागू नाही. तिथे ठरलेले शब्द ठरलेल्या अर्थाने वापरतात, तेव्हा ते तसेच ठेवावेत. तसा मजकूर मेलसोबत जायचा असेल, तर तो मी वेगळा जोडते आणि वर दोन ओळी माझ्या लिहिते.